मुलांच्या घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलंय, मग पाणी कसं शिरतं?

नमस्कार मंडळी! उन्हाळ्याच्या पोहण्याच्या बॅचेस सुरू झाल्या की कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो. “ताई, मुलासाठी घड्याळ घेतलंय, मागे ३० मीटर लिहिलंय. टँकमध्ये चालेल ना?”

नाही चालणार. का, ते आज नीट सांगते.

त्याआधी मजबुतीचं पटकन. पट्टा कापडी आणि एकसलग घ्या, घड्याळाच्या पाठीखालून जाणारा. एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर अडकून राहतं. काच ॲक्रिलिकची असली तरी चालेल. तिच्यावर चरे लवकर पडतात, पण ती खनिज काचेसारखी सहज तडकत नाही. झालं.

आता ते ३० मीटर. ३० मीटर किंवा ३ बार म्हणजे तेवढ्या खोल पाण्याइतका दाब. तो चाचणीत दिला जातो, घड्याळ नवं आणि स्थिर असताना. रबरी रिंगा ताज्या असतात, चावी पूर्ण आत असते. व्यवहारात ३ बार म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे. पोहायचं असेल तर निदान ५ बार लागतं, आणि मुलांसाठी मी १० बारच घ्या म्हणते.

यावर एका दादांनी लिहिलं होतं, “हात मारताना पाण्याचा दाब खूप वाढतो, म्हणून पाणी शिरतं.” हे खूप ठिकाणी सांगतात, पण हिशेब करून बघा. लहान मुलाचा हात सेकंदाला २ मीटर वेगाने पाण्यातून गेला, तरी वाढणारा दाब जेमतेम २० सेंटीमीटर पाण्याइतका. त्याने ३ बारचं घड्याळ हरत नाही. घड्याळ हरतं ते चावीपाशी.

माझ्या लेकीचंच सांगते. ती सात वर्षांची होती, घड्याळ ३० मीटरवालं. पोहण्याच्या चौथ्या दिवशी काचेला आतून धुकं. लक्ष्मी रोडजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी बघितलं आणि तिलाच विचारलं, “बाळा, चावी ओढतेस का?” तर ही म्हणाली, “हो, सेकंद काटा थांबतो ना!” चावी बाहेर असली की तिथली रिंग तिच्या जागी दाबून बसत नाही. मग मागे १० बार लिहिलेलं असो नाहीतर २०, पाण्याला वाट मोकळी.

दुसरी वाट सेल बदलताना तयार होते. मागचं झाकण उघडलं की त्याची रिंग वाळलेली किंवा चिमटलेली नाही ना, हे बघायलाच हवं. सेल बदलल्यावर “प्रेशर टेस्ट करून द्या” असं सांगा. ती होत नसेल, तर ते घड्याळ त्यानंतर पोहायला नेऊ नका.

तिसरी वाट उन्हातून जाते. टँकच्या काठावर उन्हात तापलेलं घड्याळ समजा ४५ अंशांवर आहे, आणि मूल २७ अंशांच्या पाण्यात उडी मारतं. आतली हवा थंड होऊन तिचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. रिंग सैल असेल तर घड्याळ स्वतःच पाणी आत ओढतं. म्हणून आधी चावी आत आहे का बघा, मग उडी. पाण्यात बटणंही दाबायची नाहीत.

ओल शिरली का, ते घरी ओळखता येतं. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याची स्टीलची वाटी पालथ्या झाकणाने झाका, त्या झाकणावर घड्याळ पाठीवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने पुसा. थेंबाखाली आतून धुकं दिसलं, तर आत ओल आहे. लगेच दुरुस्तीला न्या, नाहीतर यंत्र गंजतं.

आता डायल. कार्टूनचं चित्र मधे असलेलं घेऊ नका, त्यात काटे हरवतात. बारा आकडे पूर्ण हवेत, बाहेरच्या कडेला ५, १०, १५ असे मिनिटांचे आकडे हवेत. तासकाटा आकड्यांपर्यंतच पोचावा, मिनिटकाटा बाहेरच्या कडेपर्यंत. दोघांचे रंग वेगळे असावेत.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती पावणेला. पावणेचार वाजलेत, तासकाटा जवळजवळ चारवर टेकलेला असतो, म्हणून ती “चार पंचेचाळीस” वाचतात. इथे आपली मराठी मदतीला येते: पावणेचार म्हणजे चारला पाव कमी, काटा चारकडे निघालाय पण पोचलेला नाही. दुकानात घड्याळ पावणेचारला लावून मुलाच्या हातात द्या आणि किती वाजले विचारा. ते अडखळलं, तर शेजारच्या डायलवर तीच वेळ लावून बघा. आणि निघताना चावी आत दाबायला विसरू नका.