किती नग एकदम काढायचे? एकाच इम्पेलरवर लॉट ठरवण्याचे तीन नियम

नमस्कार. उत्पादन नियोजनाच्या सरावात एक प्रश्न हमखास येतो. गरजेचा तक्ता दिलेला असतो आणि विचारलेले असते, की लॉट-फॉर-लॉट, ठरावीक नग आणि ठरावीक मुदत यांपैकी कोणता नियम स्वस्त पडतो. बहुतेक जण तिन्ही बेरजा करतात, सर्वांत लहान आकड्याखाली रेघ मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्या बेरजेतला पैसा नेमका कुठे जातो, आणि गरजेत थोडासा बदल झाला की तीच बेरीज कशी उलटते, हे आज आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहणार आहोत.

उदाहरण शेतीपंपाच्या ओतीव लोखंडी इम्पेलरचे घेऊ. कोल्हापूरकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर त्याचे मशीनिंग होते, असे समजा. हातातला स्टॉक वजा केल्यावर आठ आठवड्यांची निव्वळ गरज अशी उरते.

[पडद्यावर तक्ता]

आठवडा: १, २, ३, ४, ५, ६, ७, ८
निव्वळ गरज: ६०, २०, ०, ९०, ४०, १०, ८०, ६०

एकूण ३६० नग, म्हणजे आठवड्याला सरासरी ४५. एका सेटअपला ९०० रुपये धरू. मशीन दोन तास अडकते, त्याचे ७०० रुपये, आणि माप जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या नगांचे २००. तयार नगाची किंमत ८०० रुपये आहे आणि तो आठवडाभर पडून राहिला तर व्याज व जागा मिळून अर्धा टक्का, म्हणजे ४ रुपये खर्च येतो. हा खर्च आठवड्याच्या अखेरीस शिल्लक असलेल्या नगांवरच मोजायचा. ज्या आठवड्यात नग वापरला गेला, त्या आठवड्याचे भाडे त्याच्यावर लावायचे नाही. या एका ठिकाणी विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सर्वाधिक चुका होतात.

लॉट-फॉर-लॉट हा नियम समजायला सर्वांत सोपा आहे. ज्या आठवड्यात जेवढी गरज, तेवढेच नग काढायचे. शिल्लक काहीच राहत नाही, त्यामुळे साठवणुकीचा खर्च शून्य. पण तिसरा आठवडा सोडला तर दर आठवड्याला सेटअप करावा लागतो. सात सेटअपचे ६३०० रुपये होतात. सहाव्या आठवड्यात तर केवळ दहा नगांसाठी दोन तास मशीन थांबते.

आता ठरावीक नगांचा नियम. नग किती, हे ठरवण्यासाठी फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर ऑर्डरचे सूत्र वापरतात. इथे ते √(२ × ४५ × ९०० ÷ ४) असे होते आणि उत्तर साधारण १४२ येते. एका ट्रेमध्ये वीस इम्पेलर बसतात असे धरून आपण १४० घेऊ, म्हणजे भरलेले सात ट्रे. स्टॉक कमी पडला की १४० काढायचे, कमी नाही आणि जास्त नाही.

पहिल्या आठवड्यात १४० आले, ६० गेले, ८० उरले. दुसऱ्यात २० गेले, ६० उरले. तिसऱ्यात गरजच नाही, म्हणून ६० तसेच राहिले. चौथ्या आठवड्यात ९० हवे आहेत आणि हातात ६० आहेत, म्हणून पुन्हा १४० काढावे लागले आणि अखेरीस ११० उरले. पुढे ७०, मग ६०. सातव्यात ८० हवेत, हातात ६० आहेत, म्हणून तिसरा लॉट. आठव्याच्या अखेरीस ६० उरतात. सेटअप तीन, त्यांचे २७०० रुपये. अखेरच्या शिल्लकांची बेरीज ६२०, तिचे २४८० रुपये. एकूण ५१८०.

इथे जरा थांबू या, कारण आजच्या विषयाचा गाभा इथेच आहे. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला शॉपमध्ये जाऊन उभे राहा. रॅकच्या खालच्या कप्प्यात तीन ट्रे आहेत, त्यांतल्या साठ इम्पेलरना पहिल्या आठवड्यात गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला आहे, आणि आता त्या तेलावर धूळ चिकटली आहे. हे साठ नग तीन आठवडे सांभाळले, त्याचे ७२० रुपये झाले. आणि तरीही चौथ्या आठवड्याचा सेटअप टळला नाही, कारण गरज नव्वदची होती. म्हणजे हा साठा ज्या कामासाठी ठेवतात, तेच काम त्याने केले नाही. सातव्या आठवड्यात पुन्हा नेमके साठच नग तीन आठवडे पडून राहिले आणि पुन्हा सेटअप झालाच, आणखी ७२०. सातव्या आठवड्याच्या लॉटमधले शेवटपर्यंत न वापरलेले साठ नग दोन आठवड्यांच्या अखेरीस मोजले गेले, त्यांचे ४८०. साठवणुकीच्या २४८० रुपयांपैकी १९२० रुपये असे गेले, की या आठ आठवड्यांत त्यांनी एकही सेटअप वाचवला नाही. सेटअप वाचवून देणारा साठा फक्त ५६० रुपयांचा आहे.

अशा उरल्यासुरल्या साठ्याची ओळख अगदी सोपी आहे. ज्या आठवड्यात नवा लॉट येतो, त्या आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक पाहा. ती शून्य नसेल, तर तेवढे नग या तक्त्यापुरते फुकट सांभाळले.

ठरावीक मुदतीचा नियम हीच शिल्लक काढून टाकतो. इथे नग बदलतात, मुदत बदलत नाही. मुदत काढण्यासाठी १४२ ला ४५ ने भागायचे. ३ च्या किंचित वर उत्तर येते, म्हणून तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात तीन आठवड्यांची गरज, म्हणजे ८० नग. चौथ्यात १४०, आणि सातव्यात सातव्या-आठव्याचे मिळून १४०. लॉट याही वेळी तीनच, आणि तेही त्याच आठवड्यांत. फरक एवढाच, की प्रत्येक नवा लॉट येताना रॅक रिकामा असतो. साठवणूक ५६० रुपये, एकूण खर्च ३२६०. ठरावीक नगांपेक्षा १९२० रुपये कमी, आणि हे कोणते १९२० ते आपण आत्ताच पाहिले.

सरावाचे उत्तर इथे संपते. पण नियोजकाला हा तक्ता एकदाच सोडवायचा नसतो, दर आठवड्याला पुन्हा सोडवायचा असतो. समजा, पहिला लॉट मशीनवर चढल्यानंतर सोमवारी विक्री विभागाचा निरोप येतो, की दुसऱ्या आठवड्यात वीसऐवजी तीस इम्पेलर लागतील. केवळ दहा नगांची वाढ आहे.

लॉट-फॉर-लॉटमध्ये दुसऱ्या आठवड्याचा लॉट तीसचा होतो, बाकी काहीच हलत नाही. ठरावीक नगांच्या योजनेत तर एकही लॉट बदलत नाही, कारण रॅकमधले साठ नग आता कामाला येतात. शिल्लक दहाने घटते आणि एकूण खर्च ४९०० वर येतो. मघाशी ज्या साठ्याला मी फुकट म्हटले, तोच इथे आधार झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ठरावीक मुदतीत मात्र रॅक रिकामा आहे. दहा नग कमी पडतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात नवा लॉट काढावा लागतो. आता सॉफ्टवेअरमध्ये मुदत कशी मोजली जाते, यावर सगळे अवलंबून राहते.

तुटवडा पडेल त्या आठवड्यापासून तीन आठवडे मोजायचे अशी मांडणी असेल, तर दुसऱ्या आठवड्याचा लॉट दुसरा, तिसरा आणि चौथा आठवडा मिळून १०० नगांचा होतो. पुढचा पाचव्यात १३०, त्यापुढचा आठव्यात ६०. दहा नगांसाठी सगळे लॉट जागचे हलले. चौथ्या आठवड्याचे नव्वद नग आता दोन आठवडे आधीच तयार होऊन पडतात. सेटअप चार, साठवणूक १४८०, एकूण ५०८०. म्हणजे मघाशी सर्वांत स्वस्त असलेला नियम आता ठरावीक नगांपेक्षा १८० रुपयांनी महाग झाला. शिवाय फौंड्रीला दिलेले ओतीव मालाचे वेळापत्रकही बदलले, त्याची किंमत या बेरजेत धरलेलीच नाही.

मुदत कॅलेंडरला बांधलेली असेल, म्हणजे एक ते तीन, चार ते सहा, सात ते नऊ असे ठरलेले गट असतील, तर दुसऱ्या आठवड्यात फक्त दहाच नग निघतात आणि चौथ्या व सातव्या आठवड्याचे लॉट होते तिथेच राहतात. जादा सेटअपचे ९०० रुपये पडतात आणि एकूण ४१६० होतात. माझे मत विचाराल तर ठरावीक मुदत निवडताना गट कॅलेंडरला बांधूनच घ्यावेत, आणि मुदत मोजायची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये आधी तपासून घ्यावी.

दहा नगांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून पंधरा नगांचा सुरक्षा साठा ठेवला, तर आठ आठवड्यांचे ४८० रुपये लागतात आणि मूळ योजना ३७४० रुपयांची होते. पण यात एक मेख आहे. एमआरपीचा, म्हणजे साहित्य-गरज नियोजनाचा, हिशेब सुरक्षा साठा वापरण्याजोगा मानतच नाही. शिल्लक पंधराखाली गेली, की सॉफ्टवेअर ती भरून काढण्यासाठी दुसऱ्या आठवड्यात दहा नगांचा लॉट सुचवतेच. तो प्रस्ताव तसाच मंजूर केला, तर सुरक्षा साठाही सांभाळला आणि सेटअपही केला, असे दोन्हीकडून नुकसान होते. तो लॉट पुढे ढकलून चौथ्या आठवड्याच्या लॉटमध्ये मिळवणे हे नियोजकाचे काम आहे.

मग ठरावीक नगांचा नियम कुठे योग्य? जिथे आकडा सूत्रातून आलेला नसून वस्तूतून आलेला असतो तिथे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत एका वेळी जेवढे नग मावतात, पुरवठादार ज्या मापाची पेटी देतो, तिथे अर्धी भट्टी किंवा पाऊण पेटी हा पर्यायच नसतो. लॉट-फॉर-लॉटचे पारडे जड होण्यासाठी सेटअप स्वस्त व्हावा लागतो. आपल्या मूळ तक्त्यात तो १४० रुपयांवर आला, तर सात सेटअपचे ९८० होतात आणि तीन आठवड्यांच्या मुदतीचा खर्चही तेवढाच, ९८० येतो. जुळणीच्या टेबलावर, जिथे सेटअप म्हणजे फक्त स्पॅनर बदलणे, तिथे हा नियम म्हणूनच चालतो.

एक बाब राहिली. सातव्या आठवड्याचा १४० नगांचा लॉट आपण दोनच आठवड्यांच्या गरजेवर काढला, कारण तक्ता आठव्याला संपतो. मुदत मात्र नवव्यापर्यंतची आहे. पुढच्या आठवड्यात तक्ता एक घर सरकेल, नवव्या आठवड्याची गरज दिसू लागेल आणि समजा ती ५० निघाली, तर तोच लॉट १९० चा होईल. म्हणून वहीत पहिल्या आठवड्याचे ८० शाईने लिहा, आणि सातव्याचे १४० पेन्सिलने.