लेथचा एक तास कोणाला द्यावा?

अध्यक्ष महोदय आणि लघुउद्योजक मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘उत्पादननिहाय अंशदान’ असा छापला आहे. वर्कशॉपमध्ये हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे आपण ‘एका नगामागे हातात काय उरते’ असे विचारतो. विक्रीच्या किमतीतून, तो नग केला नसता तर झालाच नसता एवढाच खर्च वजा केला की अंशदान उरते. भाडे, महिन्याचे पगार आणि कर्जाचे व्याज हे सगळ्या नगांच्या अशा उरलेल्या रकमेतून मिळून भागवायचे असते. एवढे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे असे धरून पुढे जातो. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी शेजाऱ्याकडे पाहू नये, कारण तोही तुमच्याकडेच पाहत असणार.

कोणती वस्तू पुढे रेटावी, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. पण त्याआधी कोणती वस्तू बंद करू नये, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण तो घोटाळा मी स्वतः घातलेला आहे. लाकडी वस्तूंचे एक वर्कशॉप आहे. तिथे देव्हारे, चौरंग, पाट, पोळपाट, ट्रे, मोबाइलचे स्टँड असे चाळीसेक प्रकार होतात. मालक मिस्त्रीच्या घराण्यातले, हिशेब माझ्याकडे. एक दिवस ते म्हणाले, “साहेब, वस्तू खंडीभर आहेत, पण नफा नेमका कशात आहे ते कळत नाही.” मी मोठ्या उत्साहाने तक्ता केला. महिन्याचा स्थिर खर्च ९५,००० रुपये आणि नग साधारण ५००, म्हणून प्रत्येक नगावर १९० रुपये टाकले. भागाकार बिनचूक होता.

आता पाटाचे पाहा. जीएसटी वगळून विक्री ३८० रुपये. लाकूड १४०, खिळे, सरस आणि पॉलिश २०, बांधणी १२, दुकानदाराचे दहा टक्के कमिशन ३८, असे एकूण २१०. उरतात १७०. त्यातून माझे १९० वजा केले की पाट वीस रुपये तोट्यात. मालकांनी दुसऱ्याच दिवशी पाट बंद केले. मला तेव्हा धन्य वाटले होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

महिन्याला साठ पाट जात असत. ते थांबल्याबरोबर १०,२०० रुपयांचे अंशदान गेले. घरमालकाने भाडे कमी केले नाही, बँकेने व्याज सोडले नाही आणि पगारी कारागिरांना, पाट बंद आहेत म्हणून, भूक कमी लागली नाही. नफा जवळजवळ तेवढ्याच रकमेने खाली आला. गंमत पुढेच आहे. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तेच ९५,००० रुपये ४४० नगांवर वाटले गेले आणि नगामागचा बोजा १९० वरून २१६ वर गेला. पोळपाटात आधी ५५ रुपये नफा दिसत होता, तो २९ झाला, आणि मालक पोळपाटाकडे संशयाने पाहू लागले. आणखी दोन महिने माझा सल्ला चालला असता, तर वर्कशॉपमध्ये फक्त भाडे तयार झाले असते.

येथे एक खुलासा करतो. मजुरी चल की स्थिर, यावर सभांमध्ये भांडणे होतात. कारागिराला नगावर पैसे देत असाल तर ती मजुरी वजा करा. महिन्याचा पगार देत असाल आणि पाट बंद केल्यावर तो पगार द्यावाच लागणार असेल तर करू नका. आमच्याकडे सगळे पगारी आहेत. लाकडाचे मात्र काटेकोर धरा. ओंडका घनफुटावर विकत घेतला जातो आणि कापणीत त्यातला बराच भाग भुसा व तुकडे होऊन जातो. तयार पाटाचे माप घेऊन लाकडाची किंमत काढणारा मनुष्य स्वतःलाच फसवतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटे. मुख्य विषय अजून सुरू व्हायचा आहे, तेव्हा आता लेथकडे वळतो.

पाट बंद करण्याची चूक कळल्यावर पाट पुन्हा सुरू केले आणि स्थिर खर्च नगावर वाटणे सोडून दिले. तरी काय रेटावे हा प्रश्न उरलाच. देव्हारा ९,००० रुपयांना जातो, सगळा चल खर्च ५,८००, अंशदान ३,२००. चौरंग १,८०० चा, खर्च ९६०, उरतात ८४०. पोळपाट ४५० चा, खर्च २०५, उरतात २४५. नगामागे पाहिले तर देव्हारा श्रेष्ठ. टक्क्यांनी पाहिले तर पोळपाट, कारण शंभरातले चौपन्न रुपये तो मागे ठेवतो. मालक देव्हाऱ्याच्या बाजूचे, त्यांच्या सौभाग्यवती पोळपाटाच्या. दोघांनीही एक गोष्ट विचारली नव्हती: वर्कशॉपमध्ये रांग कुठे लागते?

रांग लेथपुढे लागते. यंत्र एक, कातारी एक, महिन्याचे तास सुमारे २००. देव्हाऱ्याचे कातीव खांब आणि कठड्याच्या बारीक दांड्या मिळून लेथचे आठ तास खातात, चौरंगाचे चार पाय दीड तास घेतात आणि पोळपाटाला अर्धा तास लागतो. तेव्हा अंशदानाला लेथच्या तासांनी भागा: देव्हारा तासाला ४००, पोळपाट ४९०, चौरंग ५६०. दोन्ही पक्ष हरले. पाटाला तर लेथ लागतच नाही, म्हणून पाट बंद करून आम्ही लेथचा एक मिनिटही मोकळा केला नव्हता. त्याचे १७० रुपये फुकटच सोडले होते.

यावरून सगळे तास चौरंगालाच द्यावेत असे मात्र नाही. श्रावणात सत्यनारायण आणि पाठोपाठ गणपती, तेव्हा चौरंग जेवढे खपतील तेवढे आधी करावेत, उरलेले तास पोळपाटाला द्यावेत, आणि देव्हारा त्यातूनही तास उरले तरच घ्यावा. तेही मालकांना पटेना, कारण देव्हारा दारात उभा असला की गिऱ्हाईक आत येते. ते खरे आहे आणि माझ्या तक्त्यात त्याला जागा नाही. म्हणून आम्ही उलट बाजूने गेलो. कठड्याच्या दांड्या बाहेरच्या कातारीकडून ६०० रुपयांत करून घेतल्या. देव्हाऱ्याचे अंशदान २,६०० वर उतरले, पण लेथचे तास आठाचे चार झाले. तासाला ६५०. शेवटचा देव्हारा पहिल्या क्रमांकावर आला, तोही नगामागे सहाशे रुपये कमी कमावून!

दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा एवढेच सांगतो. दांड्या बाहेर गेल्यावर लेथची रांग ओसरली आणि पावसाळ्यात पॉलिशच्या खोलीत नवी रांग लागली. दमट हवेत लॅकर लावला की त्यावर पांढरट झाक येते, थर वाळायला वेळ लागतो आणि अर्धवट देव्हारे चार-चार दिवस जागा अडवून बसतात. त्या दिवसांत लेथच्या तासाने भागण्यात अर्थ नाही. पॉलिशच्या खोलीतल्या एका दिवसाने भागावे लागते, आणि तिथे फक्त तेलाचा हात मागणारा पोळपाट सगळ्यांच्या पुढे निघून जातो. तो दुसरा तक्ता माझ्या पिशवीत आहे. चहाच्या वेळी दाखवतो, मात्र मालकांच्या सौभाग्यवतींना आधी दाखवण्याचे कबूल केले आहे.