आकाशातले पट्टे आणि आकाशातले ठोकळे

[दृश्य: दिवाळीच्या शुभेच्छांचं उभं चित्र. गडद निळं आकाश खाली येता येता जांभळं होतंय. मधोमध केशरी आकाशकंदील, त्याभोवती मंद उजेडाचं वलय.]

हे चित्र मी दिवाळीसाठी काढलं. सगळे आकार सपाट, कडा धारदार, कंदिलाच्या झिरमिळ्या कागद कातरून लावल्यासारख्या. मऊ असं चित्रात एकच, मागचं आकाश. ते मी धाकट्या बहिणीला मोबाईलवर पाठवलं आणि तिचा लगेच फोन आला. "ताई, आकाशावर या रेघा कसल्या गं? आणि कंदिलाभोवती चौकोन चौकोन का दिसतायत?"

तिने एका दमात दोन वेगळी दुखणी सांगितली होती. रेघांचं कारण एक, चौकोनांचं दुसरं. मी मात्र दोन्हींवर एकच उपाय केला. जेपेग टाकून पीएनजी पाठवलं, तेही फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. चौकोन गेले, रेघा तशाच राहिल्या.

[दृश्य: आकाशाचा एक उभा तुकडा, खूप मोठा करून.]

आधी रेघा. चित्रातला आकाशाचा भाग 1200 पिक्सेल उंच आहे. वरच्या टोकाला लाल 14, हिरवा 18, निळा 44. खालच्या टोकाला लाल 38, हिरवा 30, निळा 74. नेहमीच्या 8 बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात, मधलं साडेचौदा वगैरे काही नसतं. म्हणजे लाल रंगाला इतकं मोठं आकाश फक्त 24 पायऱ्यांत उतरायचंय. एक पायरी 50 पिक्सेलची झाली. निळ्याची 40 ची, हिरव्याची तर 100 ची. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी पायरी उतरतात, म्हणून एखादा पट्टा किंचित गुलाबी वाटतो, तर शेजारचा हिरवट.

एका पायरीचा फरक तो केवढा! तरी दिसतो, कारण डोळा कडा शोधत असतो. मिशेल युजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात, जिथे भिंतीवरचे विणलेले पडदे तयार होत, तिथे रंगाईचा प्रमुख होता. एकसारख्या छटांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवले, की प्रत्येक पट्टा एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला उजळ भासतो, हे त्याने 1839 मध्ये लिहून ठेवलं. पट्टा सपाटच असतो, धार डोळा लावतो.

तेव्हा या रेघा फाईल सेव्ह करताना आलेल्या नाहीत. त्या पिक्सेलमध्येच होत्या. पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही, म्हणून त्याने रेघाही इमानदारीने जपल्या.

[दृश्य: तोच तुकडा, आता बारीक दाण्यांचा.]

यावरचा उपाय म्हणजे डिथर. साडेचौदा लिहिता येत नसेल, तर निम्मे पिक्सेल 14 करायचे, निम्मे 15, आणि ते विस्कटून पेरायचे. लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो. फोटोशॉप आणि गिम्प, दोन्हींच्या ग्रेडियंट टूलमध्ये, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू नेणाऱ्या टूलमध्ये, ही सोय आहे, पण वेळ साधायला हवी. आकाश 16 बिटमध्ये, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांत, रंगवायचं आणि 8 बिटवर उतरवताना डिथर लावायचं. एकदा पायऱ्या पडल्यावर वरून दाणे टाकले, तर दाण्यांमागे पायऱ्या तशाच राहतात. माझ्या चित्रात त्या पडून गेल्या होत्या, म्हणून आकाशाचा थर 16 बिटमध्ये नेऊन ग्रेडियंट नव्याने ओढावा लागला.

[दृश्य: कंदिलाभोवतीचं वलय. त्यावर 8 बाय 8 पिक्सेलची जाळी उमटते.]

आता चौकोन. हे काम जेपेगचं. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे पाडतं. प्रत्येक ठोकळ्याची सरासरी एका आकड्यात लिहितं आणि आतले चढउतार बाकीच्या 63 आकड्यांत. मग प्रत्येक आकड्याला ठरलेल्या संख्येने भागून पूर्णांकात आणतं. बारकावे हरवतात ते इथेच.

एक ठोकळा घेऊ. त्याचा वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा उजेडात एकाच पायरीने वेगळा आहे. या फरकाचा मुख्य आकडा साधारण 3.6 येतो. जेपेगची क्वालिटी 50 ठेवली, तर नेहमीच्या तक्त्याप्रमाणे त्याला 12 ने भागायचं. उत्तर 0.3, पूर्णांकात शून्य. फरक पुसला गेला, ठोकळा सपाट झाला. शिवाय सरासरीही आता दोन-दोन पायऱ्यांच्या उड्यांनीच बदलू शकते. वलयाची गोल कड अशा सपाट ठोकळ्यांतून गेली, की तिचा जिना होतो. बहिणीला दिसले ते हेच चौकोन. मी पाठवलेलं जेपेग बऱ्या क्वालिटीचं होतं, पण मेसेजिंग ॲपने ते वाटेत आणखी दाबलं.

मला खरं वाईट वाटलं ते पुढचं कळल्यावर. डिथरचे दाणे एका पायरीचे, म्हणजे फारच नाजूक. क्वालिटी 95 लासुद्धा जेपेग त्यांतले बहुतेक पुसून टाकतं. मेहनतीने पेरलेलं आकाश जेपेगमध्ये सेव्ह केलं, की पट्टे परत येतात.

[दृश्य: तीच फाईल, लॉसी वेबपी.]

गूगलने 2010 मध्ये आणलेलं वेबपी नावाने एक असलं, तरी आत दोन आहेत: लॉसी, म्हणजे जेपेगसारखं बारकावे टाकून देणारं, आणि लॉसलेस, म्हणजे काहीच न टाकणारं. लॉसी वेबपी ठोकळ्यांच्या कडा गाळणीने मऊ करतं, त्यामुळे चौकोन कमी दिसतात. पण त्या मऊपणात दाणे जातात. उजेडासाठीही ते 256 ऐवजी 220 च पायऱ्या वापरतं. गडद आकाशात पट्टे आणखी रुंद होतात. लॉसलेस वेबपी मात्र पीएनजीसारखंच, पिक्सेलला हात न लावणारं, आणि बहुतेक वेळा पीएनजीपेक्षा लहान फाईल देणारं.

```
cwebp -lossless kandil.png -o kandil.webp
```

किंमत मोजावी लागतेच. विस्कटलेले दाणे कुठल्याही लॉसलेस पद्धतीला आवळता येत नाहीत. नुसत्या दाण्यांपोटी या चित्राची फाईल काही शे केबींनी वाढली. ती कमी करायला पीएनजी 256 रंगांत उतरवायचा मोह होतो, आणि पट्टे पुन्हा उगवतात. एवढं वजन मी आनंदाने सोसते.

[दृश्य: ताणलेल्या कॉन्ट्रास्टमध्ये तीन आकाशं शेजारी शेजारी.]

पाठवण्याआधी तपासायचं कसं? इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने आकाशाचा अंधारा भाग ताणून बघायचा.

```
magick kandil.jpg -level 5%,30% tapas.png
```

लपलेलं सगळं वर येतं. रेषा आकाशाच्या उताराप्रमाणे आडव्या किंवा वलयाप्रमाणे गोल असतील, तर ते पट्टे, म्हणजे मूळ चित्राकडे परत जायचं. रेषा 8 पिक्सेलच्या जाळीवर बसत असतील, तर ते ठोकळे, म्हणजे फाईलचा प्रकार बदलायचा. नुसते दाणे दिसले, तर आकाश सुखरूप आहे.

जिथे जेपेगच मागतात, तिथे मी क्वालिटी 95 ठेवते, क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंग उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवणं, बंद करते, नाहीतर केशरी कंदिलाचा रंग निळ्यात पाझरतो. आणि आकाशावर दोन-तीन पायऱ्यांचे जाड दाणे मुद्दाम टाकते. ते नाजूक नसतात, त्यातले बरेच टिकतात. थोडी खरखर दिसते, ती मला पट्ट्यांपेक्षा बरी वाटते.

[दृश्य: पूर्ण चित्र, मोबाईलच्या पडद्यावर.]

बहिणीला मी नवं पीएनजीही फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, म्हणजे ॲप त्याला दाबत नाही. तिने खोलीतला दिवा बंद केला, ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि वलयाच्या कडेवर दोन बोटांनी झूम करत गेली.