सहकाऱ्याची आई गेल्यावर लिहायचे पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

सहकाऱ्याची आई गेली की त्याला चार ओळी लिहिणे हे नातेवाइकाला लिहिण्यापेक्षा अवघड जाते, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्या बाईंना आपण बहुधा एकदा-दोनदाच पाहिलेले असते, किंवा पाहिलेलेही नसते. मग माणूस कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळा होतो. त्यात वाईट काही नाही, परंतु ती ओळ गेलेल्या माणसाला वाहिलेली असते. ज्याची आई गेली त्याच्याशी त्यात कोणी बोललेलेच नसते. कचेरीत उभे राहून संमत केलेला शोकप्रस्तावही असाच, तो फायलीत राहतो. मी आज ज्या पत्राविषयी बोलणार आहे ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने लिहिलेले होते.

दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या महसुली कचेरीत आम्ही तिघे अनेक वर्षे एकाच दालनात बसत होतो. फेब्रुवारीत आमच्यापैकी एकाची आई गावी राहत्या घरी वारली. दुसऱ्याने त्याला अंतर्देशीय पत्र लिहिले आणि त्याचा कच्चा खर्डा मला वाचायला दिला. दोघांच्या संमतीने ते पत्र आज वाचतो. नावे गाळली आहेत.

"प्रिय भाऊ, आई गेल्याचे मंगळवारी सकाळी कचेरीत कळले. फार वाईट वाटले. मी त्यांना एकदाच पाहिले होते आणि ते तुम्हाला सांगायचे राहून गेले, म्हणून आता लिहितो. दोन वर्षांमागे जूनमध्ये दाखल्यांची गर्दी होती, तेव्हा त्या तुमच्या पुतणीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आल्या होत्या. तुम्ही आत अभिलेख कक्षात होता. त्या रांगेत उभ्या राहिल्या, भिजलेली छत्री कोपऱ्यात उलटी टेकून ठेवली आणि नंबर आल्यावर अर्ज माझ्या हातात दिला. आडनाव वाचून मी तुम्हाला बोलावतो म्हटले, तर म्हणाल्या, 'तो कामात आसा, तेका हाक मारू नको.' पोचपावतीची चौघडी करून ती पिशवीत घातली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाल्या. तुमच्या टेबलावरची वसुलीची विवरणपत्रे समोरच्या मॅडम आणि मी वाटून घेतली आहेत. मार्चअखेरची चिंता करू नका. या पत्राला उत्तर लिहू नका. तेराव्यानंतरच्या रविवारी मी घरी येतो. तुम्ही कुठे बाहेर गेलेला असलात, तर पडवीत वडिलांपाशी थोडा वेळ बसून परत जाईन. तुमचा," आणि खाली सही.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही आणि 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'ही नाही, हे जुन्या रीतीला धरूनच झाले. अशुभाच्या पत्रात पुष्कळ घरांत ते लिहीत नाहीत आणि शेवटी लोभ वाढवण्याची विनंतीही करीत नाहीत. रीत पाळावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण ज्या घरात सुतक धरले आहे त्या घरी पत्र जात असेल तर ती पाळलेली बरी.

खरे मोल आहे ते रांगेतल्या त्या प्रसंगाचे. मुलाला आईविषयी सांगणारे त्या दिवसांत पुष्कळ असतात. मावश्या, आत्या, मुंबईहून आलेले चाकरमानी, वाडीतले शेजारी, सारे घरातली आई सांगतात आणि ती त्याला ठाऊकच असते. कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहिलेली आई मात्र त्याने पाहिलेली नव्हती, ती फक्त सहकाऱ्याजवळ होती. सहकाऱ्याला देण्यासारखे काही असते ते हेच, आणि म्हणून पत्रातली सर्वांत जास्त जागा त्याने त्याला दिली. शिवाय त्या किती साध्या, किती स्वाभिमानी होत्या असे एकही विशेषण त्याने पुढे जोडले नाही. छत्री, पोचपावती आणि त्यांचे मालवणीतले एक वाक्य जसेच्या तसे, एवढ्यावर तो थांबला.

आणि आपण त्या बाईंना पाहिलेच नसेल तर? मग पाहिल्याचा आव आणू नये. 'त्या फार प्रेमळ होत्या' हे अनोळखी माणसाने लिहिले की मुलाला ते पोकळ असल्याचे तत्काळ जाणवते. त्यापेक्षा तिचा मुलगा आपल्याजवळ तिच्याविषयी जे बोलला असेल ते आठवावे: तिला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेण्यासाठी त्याने काढलेली रजा, तिने पावसाळ्यासाठी पाठवलेली फणसाची साठे, दुपारी डबा उघडल्यावर आंबोळ्यांवरून त्याने केलेली तक्रार. आपल्या कानांवर आलेले तेवढेच लिहावे. पत्र तीन वाक्यांचे झाले तरी चालेल.

खर्ड्यात आणखी दोन वाक्ये होती आणि त्याने ती खोडली होती. एक होते, "वय झालेच होते, हाल न होता सुटल्या." हे कदाचित खरेही असेल, पण ते म्हणण्याचा अधिकार मुलाचा आहे, त्याने म्हटले तर आपण मान हलवावी, आपण होऊन त्याला ते सांगू नये. दुसरे वाक्य आत्म्याच्या अमरत्वाविषयी होते. दहा-बारा दिवस भटजी समोर बसलेले असताना त्या बाबतीत कारकुनाच्या मदतीची गरज पडत नाही.

पत्रात एकही प्रश्न नाही, याकडेही लक्ष द्यावे. 'अचानक काय झाले?', 'शेवटी कोण जवळ होते?' असे विचारले की त्या माणसावर उत्तराचे ओझे पडते आणि जी रात्र तो विसरू पाहतो तीच त्याला पुन्हा लिहून काढावी लागते. 'काही लागले तर सांगा' हेही मला तितकेसे पसंत नाही, कारण काय लागते हे शोधून, संकोच बाजूला सारून तोंडाने मागण्याचे काम आपण त्याच्यावरच टाकतो. इथे विवरणपत्रे वाटून घेतल्याचे कळवले आहे, म्हणजे ते काम आधीच झालेले आहे.

पत्र पाचव्या-सहाव्या दिवशी पोहोचले. ते त्याने लगेच वाचले नाही, आणि वाचावे अशी अपेक्षाही नव्हती. तेरावे होईपर्यंत कोकणातले घर माणसांनी भरलेले असते. मग मुंबईच्या गाड्या निघतात, ओटी रिकामी होते, आणि आलेली पत्रे त्यानंतर उघडली जातात. भेटीचा रविवारही पत्र लिहिणाऱ्याने याच हिशेबाने निवडला होता.

कामाच्या दोन गोष्टी त्याने मुद्दामच पत्रात घातल्या नाहीत. मृत्यू घरी झाला असेल तर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते आणि पुढे बँकेपासून वारस नोंदीपर्यंत सगळीकडे तो दाखला मागतात. दुसरी गोष्ट रजेची. राज्य सरकारी नोकरीत किरकोळ रजा वर्षाला 8 असते, तेरा दिवस तीत बसत नाहीत, म्हणून अर्जित रजेचा अर्ज द्यावा लागतो. हे सांत्वनाच्या पत्रात लिहिले असते तर पत्राचे परिपत्रक झाले असते, आणि न कळवावे तर मुदत टळण्याची भीती. त्याने वेगळी चिठ्ठी लिहून ती त्या घरच्या चुलतभावाकडे एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. नोंद त्या भावाने करून घेतली, आणि रजेचा अर्ज भरून टेबलावर ठेवलेला होता. कामावर आल्या दिवशी आमच्या सहकाऱ्याला त्यावर फक्त सही करायची होती.