पिंक-१ कुठे थांबतं? पेशीतल्या सफाईच्या दोन वाटा

प्रोटिएसोमचं तोंड किती रुंद असतं, इथून सुरुवात करतो, कारण पुढचं बरंचसं त्या एका मापातून निघतं. प्रोटिएसोम म्हणजे नको असलेली प्रथिनं मोडणारं पेशीतलं एक पोकळ नळकांडं. मधला भाग सुमारे १५ नॅनोमीटर लांब, टोकांना टोप्या आणि आत जायची वाट जेमतेम सव्वा नॅनोमीटर. घडी घातलेलं साधं प्रथिनसुद्धा त्या वाटेनं आत शिरत नाही. आधी त्याची घडी मोडावी लागते, आणि सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसं ते उलगडून आत ओढावं लागतं. हे काम टोपीतल्या सहा प्रथिनांचं कडं एटीपी खर्चून करतं. आत त्या दोऱ्याचे बारीक तुकडे होतात, बहुतेक तीन ते पंचवीस अमिनो आम्लांचे.

कोणाला आत घ्यायचं हे ठरतं युबिक्विटिनवरून. हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. टाकून द्यायच्या प्रथिनावर पेशी त्याची साखळी चिकटवते. प्रोटिएसोमची टोपी ती साखळी ओळखते, प्रथिन ओढताना साखळी सोडवून घेते आणि युबिक्विटिन पुन्हा वापरायला मोकळं होतं. या शोधासाठी चेहानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४चं नोबेल मिळालं.

आता दुसरी वाट. ऑटोफॅजीत पेशी नको असलेल्या वस्तूभोवती दुहेरी पटलाची पिशवी विणते. वस्तू पूर्ण वेढली गेली की पिशवीचं तोंड मिटतं, पिशवी लयकारिकेला, म्हणजे लायसोसोमला, जाऊन मिळते आणि तिथल्या आम्लात सगळं विरघळतं. पिशवीचा व्यास अर्धा ते दीड मायक्रोमीटर. यीस्टमध्ये या कामाची जनुकं शोधून काढणारे योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं.

मापं शेजारी ठेवून पाहा. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बहुधा अर्धा ते एक मायक्रोमीटर जाडीची असते. प्रोटिएसोमच्या दारापेक्षा ती निदान चारशे पट जाड. शिवाय तिच्याभोवती दोन पटलं, आणि पटल म्हणजे मेद. त्याचा दोरा होत नाही. म्हणून जीर्ण तंतुकणिका अख्खी हलवायची तर पिशवीच हवी. प्रथिनांच्या घट्ट गुठळ्यांचंही तेच. गुठळीतून ओढायला सुटं टोकच मिळत नाही. उंदरांच्या मेंदूतल्या पेशींतून ऑटोफॅजीची एटीजी५ किंवा एटीजी७ ही जनुकं काढून टाकली, तेव्हा त्या पेशींत युबिक्विटिन लागलेल्या गुठळ्या साचल्या. हे प्रयोग २००६चे. एक वाट बंद झाली की दुसरी सगळा भार उचलत नाही, हे त्यांतून स्पष्ट दिसलं.

एवढं ऐकून ‘लहान मालाला प्रोटिएसोम, मोठ्या मालाला ऑटोफॅजी’ अशी वाटणी करून मोकळं व्हावंसं वाटेल. मला ती अपुरी वाटते, आणि का ते पिंक-१ या प्रथिनावरून दाखवतो. लहान वयात होणाऱ्या, घराण्यात चालत येणाऱ्या पार्किन्सनच्या काही रुग्णांत दोन जनुकं बिघडलेली सापडली: १९९८ साली पार्किन आणि २००४ साली पिंक-१. त्यांचं पेशीतलं काम काय, हे नंतर हळूहळू उलगडत गेलं.

तंतुकणिका धडधाकट असते तेव्हा तिच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये दीडशे ते एकशेऐंशी मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. पेशी पिंक-१ सतत बनवते आणि ते तंतुकणिकेकडे जातं. हा दाब त्याचं टोक आत खेचून घेतो. आतल्या पटलात एक विकर ते कापतं, आणि उरलेला तुकडा बाहेर पेशीद्रवात येतो. तिथे प्रोटिएसोम तो गिळून टाकतं. म्हणजे निरोगी तंतुकणिकेवर पिंक-१ जवळजवळ दिसतच नाही. ते नसतं असं नाही, ते पोचताक्षणी नाहीसं होत असतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट: पेशी एक प्रथिन बनवते आणि लगेच मोडते, फक्त मोडणं थांबलं तर ते लक्षात यावं म्हणून.

तंतुकणिका बिघडली की दाब पडतो. मग पिंक-१ आत खेचलं जात नाही, कापलं जात नाही, आणि बाहेरच्या पटलावर साचत राहतं. तिथे ते युबिक्विटिनच्या ६५व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतं. ती खूण पाहून पेशीद्रवात हिंडणारं पार्किन येतं आणि पटलावरच्या प्रथिनांना भराभर आणखी युबिक्विटिन लावत सुटतं. त्यावर पिंक-१ पुन्हा फॉस्फेट बसवतं, आणखी पार्किन येतं. २००८ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे नरेंद्र, यूल आणि सहकाऱ्यांनी हे पार्किनचं येणं प्रथम दाखवलं. पार्किनला हिरवी चमक जोडली आणि पेशीत सीसीसीपी हे दाब पाडणारं द्रव्य घातलं की तुम्हालाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. सुरुवातीला हिरवा रंग पेशीभर धुक्यासारखा पसरलेला असतो. तासाभरात धुकं विरतं आणि तोच रंग तंतुकणिकांवर गोळा होतो.

यानंतर दोन्ही वाटा एकाच वस्तूवर कामाला लागतात. तंतुकणिका एकमेकींना जोडतात त्या मायटोफ्यूझिन नावाच्या प्रथिनांनी. रेल्वेचा खराब डबा बाजूला काढायचा तर आधी कपलिंग सोडावं लागतं, तसं पी९७ हे यंत्र युबिक्विटिन लागलेलं मायटोफ्यूझिन पटलातून उपटून काढतं आणि प्रोटिएसोम त्याचा फडशा पाडतं. बिघडलेली तंतुकणिका आता निरोगी शेजारणीत मिसळू शकत नाही. मग ऑप्टिन्यूरिन आणि एनडीपी५२ ही प्रथिनं एका हातानं युबिक्विटिन आणि दुसऱ्या हातानं पिशवीवरचं एलसी३ पकडतात, आणि पिशवी तिला वेढते. मायटोफ्यूझिन बाहेरच्या पटलावर असतं, म्हणून प्रोटिएसोमच्या हाती लागतं. आतली शेकडो प्रथिनं दोन पटलांआड असतात. ती पिशवीबरोबरच जातात.

कुठली वाट अडली आहे, हे ओळखायचं कसं? पिंक-१ स्वतःच सांगतं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पाहिलं तर दाब पडल्यावर ६३ किलोडाल्टनचा अखंड पट्टा दिसतो. दाब ठीक असून एमजी१३२ या औषधानं प्रोटिएसोम बंद केलं, तर ५२चा कापलेला तुकडा साचतो.

ऑटोफॅजी मोजताना मात्र मी स्वतः फसलो होतो. पेशींना एक द्रव्य दिल्यावर एलसी३चे ठिपके वाढले आणि मी ऑटोफॅजी वाढल्याची नोंद केली. खरं तर पिशव्या लयकारिकेपर्यंत जाऊनही रिकाम्या होत नव्हत्या, म्हणून त्या साचल्या होत्या. नाक्यावर ट्रक खोळंबले म्हणून मालाची आवक वाढली असं होत नाही. तेव्हापासून मी दोन बशा शेजारी ठेवतो, एकीत लयकारिकेचं आम्ल बनणं थांबवणारं बॅफिलोमायसिन घालतो, दुसरीत नाही. बॅफिलोमायसिननं एलसी३ आणखी वाढलं तर प्रवाह चालू होता. काहीच वाढलं नाही, तर तो आधीच अडलेला होता.

शेवटी एक महत्त्वाची मर्यादा. पिंक-१ आणि पार्किनचं हे चित्र मुख्यतः बशीत वाढवलेल्या पेशींतून आलं आहे. त्यांतल्या अनेकींत पार्किन बाहेरून घातलेलं असतं आणि सगळ्या तंतुकणिकांचा दाब एकदम पाडलेला असतो. जिवंत मेंदूत असं घडत नाही. तिथे एखादीच तंतुकणिका बिघडते. पिंक-१ नसलेल्या उंदरांतही तंतुकणिकांची रोजची सफाई चालू राहते, असं २०१८ साली दिसून आलं. त्या रोजच्या सफाईत तंतुकणिकेची निवड पिंक-१शिवाय होते. बाहेरच्या पटलावरची बीएनआयपी३ आणि निक्स यांसारखी प्रथिनं युबिक्विटिनची साखळी न लावताच थेट एलसी३ला धरतात.