वेगळी गुणोत्तरं की एकत्र?

पुणे जिल्ह्यातलं उसाखालचं क्षेत्र नमुना सर्वेक्षणातून काढायचंय असं समजू. नमुन्यात ऊस आणि जमीन यांचं गुणोत्तर काढायचं आणि ते माहीत असलेल्या एकूण जमिनीला लावायचं. जिल्ह्याचे स्तर, म्हणजे भाग, पाडले असतील तर प्रश्न हा की गुणोत्तर प्रत्येक स्तराचं वेगळं घ्यायचं की सगळ्यांचं मिळून एकच. बारामती-इंदापूरकडचा बागायती पट्टा हा एक स्तर, पुरंदरकडचा जिरायती दुसरा. आकडे माझे, सोपे घेतलेले.

बागायतीत 400 खातेदार, एकूण जमीन 800 हेक्टर. नमुन्यात दर खातेदारामागे जमीन 1.8 हेक्टर आणि ऊस 1.08, म्हणजे गुणोत्तर 0.6. जिरायतीत 600 खातेदार, जमीन 1800 हेक्टर. नमुन्यात जमीन 3.2 आणि ऊस 0.32, गुणोत्तर 0.1.

वेगळ्या गुणोत्तरांनी: 800 × 0.6 + 1800 × 0.1 = 660 हेक्टर. एकत्र पद्धतीत आधी नमुन्यावरून दोन्ही स्तरांचा मिळून ऊस काढायचा, तो येतो 624. जमीन येते 2640. त्यांचं गुणोत्तर खऱ्या 2600 हेक्टरला लावलं की 614.5.

फरक कुठून आला? बागायतीच्या नमुन्यात जमीन 10 टक्के कमी आली, जिरायतीत जास्त. बेरजेत दोन्ही चुका जवळजवळ फिटल्या, म्हणून एकत्र पद्धतीला नमुना ठीकच वाटला. उलट तिने अंदाज थोडा खालीच ओढला. पण ऊस तर बागायतीतच आहे, आणि तिथली तूट भरून निघालीच नाही. गुणोत्तरं इतकी वेगळी असतील तर वेगळी पद्धतच घ्यावी. अर्थात त्यासाठी प्रत्येक स्तराची खरी एकूण जमीन हाताशी हवी. एकत्र पद्धतीला जिल्ह्याची बेरीज पुरते.

मग नेहमी वेगळीच का नको? समजा 36 स्तर केले आणि प्रत्येकात तीन-तीन खातेदार घेतले. लहान नमुन्यातल्या गुणोत्तरात थोडी अभिनती, म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, असतेच. लहान खातेदार जमिनीचा मोठा हिस्सा उसाखाली आणत असतील, तर ती प्रत्येक स्तरात वरच्याच बाजूला जाते. स्तर साधारण सारखे असतील तर 36 अभिनती मिळून 36 पट होतात, प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजाचा नमुन्यागणिक होणारा चढउतार, मात्र वर्गमुळाने, 6 पटच वाढते. एका स्तरात अभिनती प्रमाण त्रुटीच्या दहाव्या भागाएवढी असेल, तर एकूण अंदाजात ती प्रमाण त्रुटीच्या 0.6 पट होते. 95 टक्क्यांचा म्हणून छापलेला विश्वास अंतराल प्रत्यक्षात 91 टक्क्यांच्या आसपासच उरतो. वाईट हे की प्रमाण त्रुटीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. तो आकडा उलट देखणा येतो, आणि आपण खूश होतो.

तपासणी अवघड नाही. प्रत्येक स्तरात जमिनीच्या नमुना-सरासरीचा चलन गुणांक, म्हणजे तिची प्रमाण त्रुटी भागिले ती सरासरी, काढा आणि त्याला स्तरसंख्येच्या वर्गमुळाने गुणा. अभिनती आणि प्रमाण त्रुटी यांचं गुणोत्तर वाईटात वाईट साधारण एवढं होऊ शकतं. 36 स्तरांत गुणांक 0.05 असेल तरी मर्यादा 0.3 पर्यंत जाते. तीन खातेदारांत 0.05 मिळणं मला तरी कठीण दिसतं. अशा वेळी, आणि स्तरांची गुणोत्तरं जवळपास सारखी असताना तर नक्कीच, एकत्र पद्धत घ्यावी. तिची अभिनती एकूण नमुन्यावर ठरते, म्हणून लहान राहते.

मी स्वतः बहुतेकदा मधला रस्ता धरतो. बागायती स्तरांचा एक गट, जिरायतींचा दुसरा. गटाच्या आत एकत्र गुणोत्तर, गटागटांत वेगळं. फक्त हे गट नमुन्यात आलेली गुणोत्तरं पाहून पाडायचे नाहीत. तीन खातेदारांवरची गुणोत्तरं योगायोगानेही दूर-दूर पडतात. कालवा कुठून जातो, हे सर्वेक्षणाआधीच ठाऊक असतं. गट त्यावरून पाडावेत.