कन्सोल की पीसी? आधी रॅमच्या स्टिक मोजा

नमस्कार मंडळी, बेळगावातनं बोलतोय. "दादा, बजेट कमी हाय, कन्सोल घेऊ की पीसी?" खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडनं हेच विचारतायत.

घरी टीव्ही आहे, नुसतं खेळायचंय? कन्सोल घ्या, विषय संपला. एवढंच, की एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायची जागाच नाही. मित्राची डिस्क आणून खेळणं, जुनी विकणं, सगळं बंद. आणि विकतचे गेम ऑनलाईन खेळायचे तर वर्गणी वेगळी.

कॉलेजचं कामही त्याच्यावरच करायचं असेल तर पीसी. कमी पैशात ग्राफिक्स कार्ड बसत नाही, मग Ryzen 5 5600G सारखा प्रोसेसर घ्यायचा, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. मागच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलंय, "कार्डाशिवाय गेमिंग पीसी म्हणजे पुरणाशिवाय पोळी." अरे, साध्या चपातीनं पण पोट भरतंय की!

आता माझा राग. असल्या पीसीत 16 जीबीची एकच स्टिक घालून देतात. घेऊ नका. 8-8 च्या दोन घ्या.

कारण सांगतो. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. पोटातल्या ग्राफिक्सला नसते, ते रॅममधलीच वापरतं. एक स्टिक म्हणजे एकच नळ, त्यावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांच्या घागरी. दुसरी स्टिक घातली की दुसरा नळ सुटतो. पाणी तेवढंच, 16 जीबी, पण येतं दुप्पट वेगानं.

माझा मावसभाऊ शहापुरात राहतो. नवा पीसी घेतला आणि आठवड्यात फोन, "दादा, जीटीए फाइव्ह अडकतंय, फसलो मी." जाऊन बघितलं तर फ्रेम चाळिशीत लोळत होत्या. डबा उघडला, आत एकटीच स्टिक. ती परत देऊन 8-8 च्या दोन आणल्या. त्याच सेटिंगवर साठीच्या पुढं. बाकी एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

दुकानदार म्हणणार, "आता एक घे, दुसरी नंतर घाल." कार्ड असलेल्या पीसीत हे एकवेळ चालतं. इथं नाही, कारण ती "नंतर" येईपर्यंत तुम्ही अर्ध्या नळावर खेळणार.

म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानातच पीसी चालू करायला लावा. Task Manager उघडा, Performance मध्ये Memory. तिथं Slots used: 2 of 2 किंवा 2 of 4 दिसलं पाहिजे. चार खाचा असतील तर स्टिक सहसा प्रोसेसरपासनं दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. पहिल्या-दुसऱ्या अशा शेजारी-शेजारी खुपसल्या तर सहसा दोन असूनही नळ एकच! तेवढं झाकण उघडून डोळ्यांनी बघा, आणि लाजू नका हो, पैसे तुमचे आहेत.